ट्यूबलाइट आणि बल्ब एकाच चौकटीत: चेहऱ्यांवरची दुरंगी झाक कशी काढावी?

मंजिरी_के
नमस्कार. एका सभागृहातील बक्षीस समारंभाची छायाचित्रे मी काढली आहेत आणि ती आता लाइटरूममध्ये सुधारत आहे. सभागृहाच्या छताला ट्यूबलाइटच्या रांगा होत्या, तर मंचाच्या डाव्या बाजूला काचेच्या शेडमध्ये साधे तारेचे बल्ब होते. बक्षीस घेणारी माणसे मंचाच्या कडेला उभी राहून सभागृहाकडे पाहत असल्यामुळे त्यांच्या चेहऱ्याचा समोरचा भाग ट्यूबच्या प्रकाशात आणि डावा गाल बल्बच्या प्रकाशात आहे. ट्यूबनुसार व्हाइट बॅलन्स लावला, की डावा गाल भाजल्यासारखा नारिंगी होतो. बल्बनुसार लावला, की उरलेला चेहरा निळसर-हिरवा पडतो. मधला मार्ग म्हणून २८०० आणि ६५०० यांची सरासरी, म्हणजे ४६५० केल्व्हिन लावून पाहिले, पण त्यात दोन्ही बाजू चुकीच्याच दिसतात.

दुसरी अडचण मला अधिक गोंधळात टाकते. एका छायाचित्रासाठी जुळवलेली मूल्ये लगेच पुढच्या छायाचित्राला सिंक केली, तरी ती बसत नाहीत. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर नव्हता, फाइली रॉ आहेत आणि माणसे त्याच जागी उभी आहेत. असे का व्हावे?

अभंग_दृष्टी
फाइली रॉ असतील, तर काळजीचे कारण नाही. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स पूर्णपणे नंतर ठरवता येतो. चौकटीत एखादी पांढरी किंवा राखाडी वस्तू शोधा, ड्रॉपरने तिच्यावर क्लिक करा आणि तेच मूल्य सर्व फाइलींना लावा. पुढच्या कार्यक्रमाला ग्रे कार्ड सोबत न्या, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही.

सदाशिव_प्र
अभंग_दृष्टी यांचे म्हणणे एकाच प्रकाशाखाली काढलेल्या छायाचित्रासाठी बरोबर आहे, परंतु येथे ते पुरेसे नाही. ग्रे कार्डावर किंवा सदऱ्यावर क्लिक केल्यावर जे मूल्य मिळते, ते फक्त त्या जागी पडलेल्या मिश्रणाचे असते. हातभर डावीकडे क्लिक केले, तर मूल्य बदलते. रॉ फाइलीमुळे मूल्य बदलण्याची मोकळीक मिळते, पण संपूर्ण चौकटीला एकच मूल्य लावायचे हे बंधन तसेच राहते. दोन प्रकाशांना दोन मूल्ये लागतात आणि ती जागेनुसार लावावी लागतात.

मंजिरीताई, उत्तर देण्याआधी मला तीन गोष्टी कळायला हव्यात. शटर स्पीड किती होता? सभागृहातील ट्यूब जुन्या चोकवर चालणाऱ्या होत्या की इलेक्ट्रॉनिक चोकवर? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सलग छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर नारिंगी गालाचा रंग बदलतो की बाकीच्या चेहऱ्याचा?

मंजिरी_के
शटर सगळीकडे १/२५० होता, कारण लोक सतत हलत होते. चोकबद्दल खात्रीने सांगता येणार नाही, पण ट्यूब लागताना काही वेळ लुकलुकत होत्या. आपण विचारल्यावर पाच सलग छायाचित्रे शेजारी लावून पाहिली. नारिंगी गाल पाचही चौकटींत जवळजवळ सारखा आहे. बदलतो तो समोरचा चेहरा आणि मागची भिंत. दोन चौकटींत भिंत उजळ आणि निळसर आहे, एकीत अंधारी आणि मळकट पिवळसर आहे.

सदाशिव_प्र
मग सिंक का बसत नाही, याचे उत्तर मिळाले. लुकलुकत लागणारी ट्यूब बहुधा जुन्या चोकवर आणि स्टार्टरवर चालते. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल, तर अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते, म्हणजे एक चढ-उतार १० मिलिसेकंदांत पूर्ण होतो. १/२५० हे शटर ४ मिलिसेकंदच उघडे राहते. त्यामुळे एका चौकटीला त्या चक्राचा माथा मिळतो आणि दुसरीला तळ. फरक केवळ उजेडाचा नसतो. ट्यूबच्या आतील लेपातील वेगवेगळी द्रव्ये वेगवेगळ्या गतीने विझतात. निळा भाग लवकर मावळतो आणि इतर भाग थोडे रेंगाळतात, म्हणून तळाशी पकडलेली चौकट अंधारी तर होतेच, शिवाय पिवळसरही होते.

बल्बची तार मात्र इतकी तापलेली असते, की एवढ्या अल्प वेळात ती फारशी थंड होत नाही. तिचा प्रकाश जवळजवळ स्थिर राहतो. म्हणूनच आपल्याकडे नारिंगी गाल तसाच राहिला आणि ट्यूबची बाजू बदलत राहिली. मिश्र प्रकाशातला हा त्रास दुहेरी असतो, कारण प्रत्येक चौकटीत ट्यूबचा रंगही बदलतो आणि बल्बशी असलेले तिचे प्रमाणही बदलते. अशा मालिकेला एक मूल्य सिंक करून भागत नाही.

तरीही प्रत्येक फाइल वेगळी हाताळण्याची गरज नाही. आधी भिंतीच्या रंगावरून छायाचित्रांचे दोन-तीन गट करा: माथ्यावरची, मधली आणि तळाची. पर्याय उपलब्ध असेल, तर तळाची सरळ बाजूला ठेवा. गटातल्या गटात सिंक बऱ्यापैकी बसते. दोन बाजूंच्या दुरंगी झाकेबद्दल आज रात्री सविस्तर लिहितो.

गणित_आवड
सरासरीबद्दल एक छोटी दुरुस्ती. केल्व्हिनची सरळ सरासरी डोळ्यांना मध्यावर वाटत नाही, कारण ३००० ते ३५०० हा फरक जेवढा ठळक दिसतो, तेवढा ६००० ते ६५०० हा दिसत नाही. म्हणून दहा लाखाला केल्व्हिनने भागून येणारे मायर्ड वापरतात. २८०० चे सुमारे ३५७ मायर्ड होतात आणि ६५०० चे सुमारे १५४. त्यांची सरासरी सुमारे २५५, म्हणजे साधारण ३९०० केल्व्हिन. मंजिरी_के यांनी ४६५० लावल्यामुळे चौकट ट्यूबच्या बाजूला झुकलेली राहिली आणि बल्बची बाजू फारच नारिंगी दिसली. ३९०० वर चूक निदान दोन्ही बाजूंना सारखी विभागली जाईल.

सदाशिव_प्र
हिशेब अचूक आहे आणि ज्या छायाचित्रात वेगळे मास्क करायला वेळ नाही, तेथे तो उपयोगी पडेल. पण त्यात फक्त निळा-पिवळा अक्ष आला. ट्यूबच्या प्रकाशात पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरजवळची हिरवी रेषा ठळक असते आणि तिची झाक टेम्परेचरच्या सरकपट्टीने जात नाही, टिंटनेच जाते. बल्बला ती हिरवी झाक नसते. म्हणजे दोन प्रकाशांमध्ये दोन अक्षांवर अंतर आहे, आणि बहुतेक जण दुसऱ्या अक्षाकडे लक्षच देत नाहीत.

रानपाखरू
माझाही हाच प्रश्न आहे, म्हणून येथेच विचारते. नृत्याच्या कार्यक्रमात मंचावर जांभळे आणि लाल एलईडी दिवे होते आणि सगळ्यांचे चेहरे जांभळे आले आहेत. टिंट पूर्ण हिरव्याकडे नेला तरी चेहरे नैसर्गिक होत नाहीत. येथे कोणते मूल्य लावावे?

सदाशिव_प्र
रानपाखरू, आपला प्रश्न याच्यापेक्षा वेगळा आहे. बल्ब आणि ट्यूब या दोन्हींमध्ये तिन्ही रंगांचा काही ना काही अंश असतो, त्यामुळे त्यांचे प्रमाण बदलून त्वचेचा रंग परत आणता येतो. फक्त जांभळ्या दिव्याखाली हिरव्या वाहिनीत जवळजवळ माहितीच नसते, आणि नसलेली माहिती व्हाइट बॅलन्सने निर्माण होत नाही. ती छायाचित्रे जांभळीच ठेवावीत किंवा कृष्णधवल करावीत, असे माझे मत आहे. त्यासाठी वेगळा धागा काढलात, तर तेथे सविस्तर बोलू.

सदाशिव_प्र
आता मूळ प्रश्नाकडे. मंजिरीताईंचे वर्णन समोर ठेवून एकाच छायाचित्राचे काम पायरीपायरीने लिहितो.

पहिली पायरी मोजण्याची आहे, सुधारण्याची नाही. ड्रॉपर घेऊन ट्यूबच्या प्रकाशातील एखाद्या उदासीन रंगाच्या जागी क्लिक करावे आणि Temp व Tint या दोन्ही पट्ट्यांवरची मूल्ये कागदावर लिहून घ्यावीत. मग बल्बच्या बाजूला तसेच करावे. माणसाने पांढरा सदरा घातला असेल, तर त्याच्या कॉलरची उजवी आणि डावी टोके यासाठी चांगली. मात्र कॉलर उजेडाने फुटलेली नसावी, कारण एक जरी वाहिनी शंभर टक्क्यांना टेकली असेल, तर मिळणारे मूल्य खोटे असते. तसेच धुण्याच्या पावडरीतील चकाकीद्रव्यांमुळे काही पांढरी कापडे किंचित निळी दिसतात आणि त्यांच्यावर क्लिक केल्यास त्वचा पिवळी पडते. म्हणून शक्य असल्यास कागद किंवा राखाडी वस्तू हेही तपासावे.

समजा, ट्यूबच्या बाजूला ६१०० आणि टिंट +३० मिळाले, आणि बल्बच्या बाजूला ३६०० आणि +१२. बल्ब २८०० चा असूनही ३६०० का आले, असा प्रश्न पडेल. कारण त्या टोकावरही छताच्या ट्यूबचा थोडा प्रकाश पडतो. म्हणूनच बल्बवर छापलेला आकडा वापरू नये, चौकटीत मोजलेला वापरावा.

दुसरी पायरी म्हणजे संपूर्ण चौकटीसाठी कोणता प्रकाश धरायचा हे ठरवणे. येथे नियम एकच: चेहऱ्यांच्या मोठ्या भागावर जो प्रकाश आहे तो. आपल्याकडे तो ट्यूबचा आहे. म्हणून ६१०० आणि +३० लावावे. आता समोरचा चेहरा आणि भिंत ठीक होतील आणि डावा गाल नारिंगी राहील. तो नीट पाहिल्यास नुसता नारिंगी नसून त्यात गुलाबीही मिसळलेले दिसेल. तो गुलाबीपणा आपणच आणलेला आहे, कारण ट्यूबची हिरवी झाक मारण्यासाठी टिंट मॅजेंटाकडे नेला आणि बल्बच्या बाजूला एवढ्या मॅजेंटाची गरज नव्हती. तेव्हा मास्कमध्ये टेम्परेचर निळ्याकडे नेताना टिंट थोडा हिरव्याकडे परत आणावा लागतो. ही पायरी सुटली, की गाल नारिंगीचा गुलाबी होतो आणि बघणाऱ्याला काहीतरी बिघडले आहे एवढेच कळते, काय ते कळत नाही.

तिसरी पायरी मास्कची. नारिंगी रंग निवडणारा कलर रेंज मास्क येथे मोहात पाडतो, पण तो मंचाचे लाकूड, बक्षिसाचे सोनेरी मानचिन्ह आणि निरोगी त्वचा हे सगळेच पकडतो. मास्क रंगावरून न करता प्रकाशाच्या दिशेवरून करावा. डावीकडून आत येणारा रेषीय ग्रेडियंट घ्यावा, आणि मगच त्याला कलर रेंजने छेद द्यावा. ग्रेडियंटच्या आत येणारे, पण बल्बच्या प्रकाशात नसलेले लाकूड ब्रशने वजा करावे. नाकाच्या कडेला, जेथे दोन प्रकाश मिळतात, तेथे मास्कची कडा खूप मऊ ठेवावी, नाहीतर चेहऱ्यावर राखाडी रेघ उमटते.

किती सरकवायचे, हे आकड्यांवरून ठरवा. कर्सर कॉलरवर नेल्यावर हिस्टोग्रामखाली तीन टक्केवाऱ्या दिसतात. उजव्या टोकाला लाल ७८, हिरवा ७९, निळा ७७ असे काही असेल. डाव्या टोकाला सुधारणेपूर्वी ८६, ७२, ४८ असे असेल. मी ते ७८, ७८, ७८ करत नाही. साधारण ८१, ७७, ७० वर थांबतो. बल्ब चौकटीत दिसत असताना त्याच्या शेजारचा गाल पूर्ण उदासीन केला, तर तो मेणासारखा निर्जीव दिसतो.

शेवटचे म्हणजे, बल्बच्या प्रकाशात निळी वाहिनी मुळात कमी भरलेली असते. ती मास्कमध्ये उचलली, की सावलीच्या भागात रंगीत दाणे दिसू लागतात. त्यासाठी कलर नॉइज रिडक्शन थोडे वाढवावे.

कृष्णधवल
आकड्यांच्या शेवटच्या भागाशी मी सहमत नाही. ८१, ७७, ७० म्हणजे अजून बरीच पिवळी झाक आहे. बल्ब चौकटीत दिसत असेल, तर ती खपून जाते, कारण उबेचे कारण डोळ्यांसमोर असते. पण मंजिरी_के यांच्या छायाचित्रांपैकी काही जवळून काढलेली असतील, ज्यांत बल्ब दिसतच नाही. तेथे एका गालाची ऊब केवळ दोष वाटते. तेथे मी तिन्ही वाहिन्यांतला फरक अगदी २ टक्क्यांच्या आत आणतो.

सदाशिव_प्र
चौकटीबाहेरच्या बल्बबद्दल आपले म्हणणे रास्त आहे आणि तेथे अधिक सुधारणा हवी, हे मान्य. २ टक्क्यांपर्यंत नेण्याबद्दल मात्र माझे मत वेगळे राहील. डाव्या कानामागच्या केसांवर आणि खांद्यावर पडलेली बल्बची कड मास्कमध्ये कधीच पूर्ण येत नाही, आणि गाल उदासीन व कड नारिंगी असा नवा विरोध तयार होतो.

कृष्णधवल
कड ब्रशने घेता येते, फक्त वेळ लागतो. दोनशे छायाचित्रांत ते परवडणार नाही, हे खरे. निवडक पाच-दहांमध्ये मी करतो.

जुनी_पेटी
माझ्याकडे अशाच प्रकाशातील जुनी छायाचित्रे आहेत, पण ती सर्व जेपेग आहेत आणि तीही बल्बच्या बाजूला फार नारिंगी. मी डार्कटेबल वापरतो. हीच पद्धत तेथे चालेल का?

सदाशिव_प्र
पद्धत चालेल, पण मर्यादा लवकर येईल. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने आधीच एक व्हाइट बॅलन्स भाजून ठेवलेला असतो आणि प्रत्येक वाहिनीला फक्त २५६ पायऱ्या असतात. आधी नारिंगी गालावर निळ्या वाहिनीचा आकडा पाहा. तो शून्याजवळ असेल, तर तेथे उचलण्यासारखे काही उरलेले नाही आणि उचलल्यास गाल राखाडी डागांचा होईल. चाळीस-पन्नासच्या वर असेल, तर बरेच सावरता येते.

डार्कटेबलमध्ये `color calibration` हा मोड्यूल दोनदा घ्या. पहिल्याला ट्यूबच्या भागाचा मास्क द्या आणि दुसऱ्याला त्याच मास्कचा उलटा रास्टर मास्क द्या, म्हणजे एकाच जागेवर दोन सुधारणा पडणार नाहीत. दोन्ही मोड्यूल मास्कशिवाय चालू राहिले, तर प्रोग्राम स्वतःच इशारा देतो. रॉ फाइल असेल, तर `white balance` हा मोड्यूल `camera reference` वर राहू द्यावा. तेथे हात घातल्यास पुढचे सगळे हिशेब चुकतात.

अभंग_दृष्टी
पुढच्या कार्यक्रमासाठी फ्लॅश वापरला, तर हा सगळा खटाटोप वाचेल ना? फ्लॅशचा प्रकाश दोन्हींवर मात करेल.

सदाशिव_प्र
नुसता फ्लॅश तिसरा रंग आणतो. चेहरे सुमारे ५५०० केल्व्हिनवर येतात, आणि मागचे सभागृह हिरवे व मंच नारिंगी राहतो. फ्लॅशवर जिलेटिन लावून त्याला कोणत्या तरी एका प्रकाशाशी जुळवावे लागते. सभागृहात ट्यूब जास्त असतील, तर प्लस ग्रीन हे हिरवे जिलेटिन लावावे आणि सगळ्या चौकटीचा टिंट मॅजेंटाकडे न्यावा. मंचावर बल्बच जास्त असतील, तर पूर्ण सीटीओ हे नारिंगी जिलेटिन लावावे. त्याने फ्लॅश बल्बच्या जवळ येतो, पण उजेड बराच घटतो. दोन्ही एकदम जुळत नाहीत. आयोजकांना विचारून मंचाजवळच्या ट्यूबची एक रांग बंद करता आली, तर त्याचा उपयोग कोणत्याही जिलेटिनपेक्षा जास्त होतो.

शटरबद्दलही सांगून ठेवतो. ५० हर्ट्झच्या विजेवर १/१०० किंवा १/५० ठेवावा, म्हणजे प्रत्येक चौकटीत चक्र पूर्ण येते. ६० हर्ट्झ असेल, तर १/१२० किंवा १/६०. शंका असल्यास कार्यक्रमाआधी भिंतीची १/५०० वर सलग दहा छायाचित्रे काढावीत. ती एकमेकांशी जुळली नाहीत, तर ट्यूबची चढ-उतार आहे हे निश्चित. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल, तर ती शटर चक्राच्या माथ्याशी जुळवून देते आणि वेगवान शटरही वापरता येतो. मात्र त्यात कधी कधी बटण दाबल्यावर क्षणभर उशीर होतो.

मंजिरी_के
सांगितल्याप्रमाणे एक छायाचित्र पूर्ण केले. टिंट परत हिरव्याकडे आणण्याची पायरी घातल्यावर गालाचा गुलाबीपणा लगेच गेला. पाच छायाचित्रांच्या मालिकेतले तळाचे एक बाजूला ठेवले आणि उरलेल्या चारांचे दोन गट केल्यावर सिंकही बसले. कॉलर मी सध्या ८०, ७८, ७३ वर ठेवली आहे. जवळून काढलेल्या छायाचित्रांत हा फरक थोडा अजून कमी करेन.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. सत्कारमूर्तींपैकी एका बाईंची साडी प्रत्यक्षात गडद लाल होती. ट्यूबच्या बाजूला ती तपकिरी दिसते आणि बल्बच्या बाजूला लाल. व्हाइट बॅलन्स दोन्हीकडे जुळल्यावरही फरक राहतो.

सदाशिव_प्र
तो फरक व्हाइट बॅलन्सने जाणार नाही. साध्या ट्यूबच्या प्रकाशात गडद लाल तरंगलांबीचा अंश कमीच असतो. बल्बमध्ये तो भरपूर असतो. राखाडी वस्तू दोन्हीकडे जुळली, तरी जो रंग त्या अंशावरच अवलंबून आहे, तो ट्यूबखाली मंदच नोंदला जातो. साडीच्या ट्यूबकडील भागावर वेगळा मास्क करून लाल रंगाचा ह्यू किंचित मॅजेंटाकडे आणि सॅच्युरेशन थोडे वर न्यावे, आणि जुळवणीसाठी बल्बकडील पदर नजरेसमोर ठेवावा. हे अंदाजाने केलेले रंगकाम असेल, मोजून केलेली दुरुस्ती नव्हे.

कृष्णधवल
पदराशी जुळवताना एक लक्षात घ्यावे. बल्बच्या जवळ लाल वाहिनी बहुधा फुटलेली असते, त्यामुळे पदराचा तो लालही खरा नसण्याची शक्यता आहे. ल्युमिनन्सचा हिस्टोग्राम ठीक दिसत असला, तरी लाल वाहिनी वेगळी तपासा. फुटली असेल, तर पदराचा सावलीतला भाग नमुना म्हणून घ्या.

मंजिरी_के
तपासले. पदराच्या वरच्या घडीवर लाल ९९.६ आहे आणि खालच्या घडीवर ७१. खालची घडी नमुना म्हणून धरून करते आणि दोन्ही आवृत्त्या येथे लावते.